प्रवेश अर्जावरची सही कथेसाठी पुरते का?

पानकणीस

नमस्कार. मी एका छोट्या संस्थेत लेखनाचं काम बघते. आमच्याकडे बायकांना मोबाइल दुरुस्ती शिकवतात, चार महिन्यांचा वर्ग असतो. शिकून गेलेल्यांच्या कथा लिहायच्या, त्या सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवायच्या आणि देणगीदारांनाही पाठवायच्या, हे माझं मुख्य काम. अकरा लिहून झाल्या. बाराव्या कथेपाशी अडले आहे.

ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांना इथे 'क' म्हणते. वर्गात आल्या तेव्हा नवऱ्याचं घर सोडून त्यांना दोन महिने झाले होते, दोन मुलं बरोबर होती. आता स्वतःचा दुरुस्तीचा ठेला चालवतात. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते, 'माझा फोटो व माहिती संस्थेच्या कामासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.' खाली त्यांची सही आहे. वरिष्ठ म्हणतात, सही आहे ना, मग लिही.

मसुद्यातला मुख्य परिच्छेद असा आहे:

> नवऱ्याची रोजची मारहाण, पदरात दोन मुलं आणि हातात दमडी नाही, अशा अवस्थेत क (नाव बदललं आहे) आमच्या दारी आली. संस्थेनं तिला आधार दिला, कौशल्य दिलं, आत्मविश्वास दिला. आमच्या प्रशिक्षणामुळे तिचं उत्पन्न तिप्पट झालं. आज ती ताठ मानेनं जगते आहे. तिच्यासारख्या अनेकींची आयुष्यं अशीच बदलली आहेत.

सोबत ठेल्यावर काम करतानाचा पाठमोरा फोटो.

नाव बदललंय, चेहरा दिसत नाही, सही हातात आहे. पण परवा त्या रस्त्यात भेटल्या, आपुलकीनं बोलल्या, आणि मी त्यांच्याबद्दल असं काही लिहून ठेवलंय हे मला त्यांच्या तोंडावर सांगवलं नाही. तेव्हापासून मन खातंय. यात नेमकं काय चुकतंय?

सरळरेघ

तुम्ही उगाच घाबरताय असं मला वाटतं. नाव बदललं, चेहरा नाही, म्हणजे ओळख लपली. एक गोष्ट मात्र नक्की करा. फोटो चढवण्याआधी त्याच्या फाइलमधली माहिती पुसून टाका. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाण सुरू ठेवलं असेल तर अक्षांश-रेखांश तसेच्या तसे नोंदलेले असतात. पाठमोरा फोटो टाकून पत्ता सोबत दिल्यासारखं होतं ते. ठेल्याच्या पाटीवर फोन नंबर असेल तर तोही झाका. एवढं केलंत की कथा बिनधास्त जाऊ द्या.

जुनी_वही

फोटोतल्या नोंदीबद्दल सरळरेघ यांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे आणि बहुतेक जण तेच विसरतात. ओळख लपल्याचा निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

ओळख कुणापासून लपवायची आहे ते आधी ठरवा. दूरच्या देणगीदाराला क कोण हे नाव दिलं तरी कळणार नाही. ज्याच्यापासून धोका आहे तो माणूस त्यांना पाठमोरं ओळखतो. मोबाइल दुरुस्तीचा ठेला चालवणारी बाई, दोन मुलं, अमुक सुमारास घर सोडलेलं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याच्या दृष्टीनं नाव लिहिल्यातच जमा आहे. शिवाय आज त्या काय करतात आणि कुठे बसतात, हेही त्याला तुमच्याकडूनच कळतं. एकेक तपशील निरुपद्रवी असतो, तीन जुळले की माणूस सापडतो. म्हणून मी मसुद्यातल्या प्रत्येक तपशिलाखाली रेघ मारते आणि विचारते, हा काढला तर कथेचं काय जातं? मुलांची संख्या काढली तर बहुतेक वेळा काहीच जात नाही.

आता सहीबद्दल. मी अठरा वर्षं हेच काम करते आहे आणि सुरुवातीची काही वर्षं अशाच सह्यांवर कथा लिहिल्या, त्यामुळे हे उपदेश म्हणून घेऊ नका. ती सही ज्या दिवशी घेतली तो दिवस डोळ्यांसमोर आणा. बाई घर सोडून आली आहे, तिला प्रवेश हवा आहे, समोर चार पानी अर्ज आहे. 'हरकत आहे' म्हटलं तर प्रवेश मिळेल की नाही हे तिला माहीत नाही. आणि त्या दिवशी कथाच घडलेली नव्हती! जी गोष्ट अजून झाली नाही, तिच्या लेखनाला संमती कशी देणार? ती सही फार तर वर्गाच्या सामूहिक फोटोपुरती.

युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती जपण्याच्या कायद्याच्या सातव्या कलमात हे स्वच्छ मांडलं आहे. संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं, आणि सेवा मिळण्याची अट म्हणून संमती मागितली असेल तर ती मोकळेपणानं दिली का, हे कसून तपासायचं. तुम्हाला तो कायदा लागू असो वा नसो, कसोटी म्हणून चांगली आहे.

एक विचारते. क यांचं संस्थेशी अजून काही देणंघेणं आहे का?

पानकणीस

आहे. अवजारांचा संच संस्थेनं हप्त्यांवर दिलाय. गरम हवेचं यंत्र, सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर, सगळं त्यात आलं. अजून पाच हप्ते बाकी आहेत. आणि हप्ते गोळा करणाऱ्या ताईच मला कथेसाठी नावं सुचवतात.

जुनी_वही

मग त्या ताईंनी विचारून चालणार नाही. त्या कितीही प्रेमळ असल्या तरी ज्यांच्या हातात आपल्या हप्त्याची मुदत आहे त्यांना नाही म्हणणं जड जातं. तुम्ही स्वतः विचारा, हप्त्याच्या दिवशी नको, कार्यालयातही नको.

मी काय करते ते सांगते. पहिल्या भेटीत काहीच लिहून घेत नाही. आधी छापून आलेली एक कथा घेऊन जाते, ती वाचून दाखवते आणि फोनवर उघडून दाखवते की ही कुणालाही दिसते. तुमच्या शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, मुलांच्या शिक्षकांना. मग विचारते, 'हे कुणी वाचलेलं तुम्हाला चालणार नाही?' या प्रश्नाला जवळपास प्रत्येक जण काहीतरी उत्तर देतो, आणि कथेत काय नसावं ते त्या उत्तरातून कळतं. 'तुमची परवानगी आहे का?' या प्रश्नाला मात्र जवळपास प्रत्येक जण हो म्हणतो.

पूर्ण मसुदा तयार झाला की मोठ्यानं वाचून दाखवायचा. ज्यांना वाचता येतं त्यांनाही. ऐकताना माणसाचा चेहरा कुठे बदलतो ते दिसतं. मग म्हणायचं, 'तीन दिवस विचार करा, नको असेल तर कारण सांगायची गरज नाही, नुसतं नको एवढा निरोप पाठवा.' निरोप माझ्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे. मला तोंडावर नाही म्हणायला लागू नये म्हणून.

आणि 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' हे उत्तर मी नकार म्हणून नोंदवते.

मुग्धपाखरू

आमच्याकडे हा प्रश्न आला तेव्हा वकिलांकडून चार पानी संमतीपत्र करून घेतलं. फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याचा की संस्थेचा, तो पुढे कुणाला देता येईल, सगळं त्यात आहे. नमुना हवा असेल तर देते. त्यानंतर कधीच वाद झाला नाही.

जुनी_वही

मुग्धपाखरू, फोटोच्या हक्काचं पत्र वेगळं, ते संस्था आणि फोटोग्राफर यांच्यातलं. ते असावंच. पण इथला प्रश्न फोटोतल्या माणसाचा आहे. चार पानं त्या माणसानं ऐकून घेतली तरी त्यातली किती लक्षात राहतील? तुमच्याकडे वाद झाला नाही याचा अर्थ सगळे खूश होते असाच होतो का, तेही बघा. तक्रार करण्याचा रस्ता माहीत होता का?

मुग्धपाखरू

रस्ता म्हणजे कार्यालयाचा पत्ता होता पत्रावर. पण खरं सांगायचं तर आम्ही त्यांना पत्राची प्रतच देत नव्हतो. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. उद्याच बोलते.

दुसरी_बाजू

मी सहसा नुसतं वाचते. आज लिहिते, कारण मी अशा एका कथेत आहे.

नऊ वर्षांची असताना एका संस्थेनं माझं शिक्षण चालवलं. माझ्यावर कथा लिहिली. वडील काय प्यायचे, आई कुठे राबायची, माझ्याकडे वही नव्हती, सगळं होतं. आईनं अंगठा दिला होता. पुढे कॉलेजात गेल्यावर वर्गातल्या एका मुलीनं माझं नाव शोधलं आणि तीच कथा पहिली निघाली. तिनं वाईट हेतूनं दाखवली नाही. 'तू किती सोसलंस' म्हणाली. पण त्या दिवसानंतर मी त्या वर्गात दुसरीच कुणीतरी झाले. मी तोवर त्यांच्यात गणितात हुशार म्हणून ओळखली जात होते.

संस्थेला लिहिलं. त्यांनी मान्य केलं, आठवड्यात पान काढलं, माझी माफी मागितली. तरी शोधाच्या निकालात मजकुराचे दोन तुकडे काही काळ दिसत राहिले. दुसऱ्या कुणीतरी ती कथा आपल्याकडे उतरवून घेतली होती, ती आजही आहे. छापील वार्षिक अहवाल तर शेकडो घरी गेले असतील. त्यामुळे 'केव्हाही संमती मागे घेता येईल' असं कुणी लिहितं तेव्हा मला वाईट वाटतं. 'आम्ही आमच्याकडून काढू, बाकीचं आमच्या हातात नसेल' असं सांगा. ते खरं आहे आणि माणूस ते ऐकून ठरवू शकतो.

त्या कथेतलं खोटं काहीच नव्हतं, हेही सांगते. सगळं खरं होतं. फक्त मी त्यात कुठेच काही करत नव्हते. मला वह्या मिळाल्या, मला संधी मिळाली, माझं आयुष्य बदललं गेलं. पानकणीस, तुमचा परिच्छेद पुन्हा वाचा. त्यात क एकच गोष्ट करते, दारी येते. बाकी सगळं संस्था देते.

आणि तुम्ही इथे आम्हाला सांगताना 'त्या' म्हणालात. मसुद्यात 'ती' लिहिलंत. तुमच्या संस्थेच्या संचालकांबद्दल लिहिताना काय लिहिता?

पानकणीस

'त्या'. अकराच्या अकरा कथांत संचालक 'त्या' आहेत आणि शिकायला आलेल्या बायका 'ती'. आत्ता उघडून बघितलं. एकीचं वय तर संचालकांपेक्षा जास्त आहे.

तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

सरळरेघ

दुसरी_बाजू, तुमचं वाचून माझं आधीचं मत मी मागे घेतो. नाव बदलणं पुरेसं नाही हे पटलं.

पण एक अडचण मांडतो, कारण मी देणग्या गोळा करण्याच्या बाजूला काम केलंय. लोक एका माणसाची गोष्ट वाचून देतात. 2007 मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहभागींना एका सर्वेक्षणाबद्दल पाच डॉलर दिले आणि त्यातून मदत करायची का विचारलं. एका गटाला सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं, त्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. दुसऱ्या गटाला दुष्काळ-उपासमारीची आकडेवारी दिली, त्यांनी 1.14 डॉलर. तिसऱ्या गटाला मुलीच्या गोष्टीसोबत आकडेवारीही दिली, तर रक्कम 1.43 वर आली. म्हणजे आकडे जोडले की देणगी घटते. तुम्ही कथेतून दुःख काढलंत आणि वर आकडे घातलेत तर पुढचा वर्ग कशावर चालवणार?

मोजपट्टी

माझं काम कार्यक्रमांचं मूल्यमापन करण्याचं. सरळरेघ यांनी दिलेला प्रयोग खरा आहे, आकडेही बरोबर आहेत. पण तिथे आकडे कशाचे होते ते बघा. संकट किती प्रचंड आहे याचे होते, म्हणजे लाखो लोक उपाशी. ते ऐकून आपल्या देण्यानं काय फरक पडणार असं वाटणं साहजिक आहे. 'आमच्याकडे 40 जणी आल्या, त्यातल्या इतक्यांचं काम सुरू झालं' हा वेगळ्या जातीचा आकडा आहे. त्याचा परिणाम त्या प्रयोगात मोजलेलाच नाही. शिवाय तो एकदाच, जागच्या जागी देण्याचा प्रयोग होता. दरवर्षी देणारा माणूस पाच वर्षांनी काय करतो ते त्यातून कळत नाही.

मला मात्र मसुद्यातली दुसरीच ओळ टोचतेय. 'आमच्या प्रशिक्षणामुळे तिचं उत्पन्न तिप्पट झालं.' पानकणीस, तिप्पट कशाच्या? आधीचा आकडा कधी घेतला होता? आणि 'अनेकींची' म्हणजे कितींची?

पानकणीस

आधीचा आकडा प्रवेश अर्जातला. मागच्या महिन्यात किती कमावलंत, असा रकाना असतो. आत्ताचा त्यांनी तोंडी सांगितला.

'अनेकींची' ही ओळ आम्ही प्रत्येक कथेत लिहितो. नोंदवही काढली. त्या वर्गात 40 जणी आल्या, 31 जणींनी पूर्ण केला. सहा महिन्यांनी फोन केले तेव्हा 26 जणी सापडल्या. त्यातल्या 14 जणी दुरुस्तीच्या कामातून काहीतरी कमावत होत्या. अहवालात आम्ही 'निम्म्याहून अधिक' असं लिहिलं होतं.

मोजपट्टी

नोंदी आहेत हीच मोठी गोष्ट आहे. बऱ्याच ठिकाणी त्याही नसतात.

आधी 'निम्म्याहून अधिक' घेऊ. 26 पैकी 14 म्हणजे 54 टक्के, गणित बरोबर आहे. पण जी फोनवर सापडली नाही तिचं बरं चाललंय की वाईट, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ज्या 9 जणी मध्येच सोडून गेल्या त्यांना फोनच गेला नाही. आलेल्या 40 मधून मोजलं तर 35 टक्के होतात. दोन्हीपैकी कुठला खरा, हा वाद घालूच नका. वाचकाला सगळी साखळी एका वाक्यात द्या. 40 आल्या, 31 टिकल्या, 26 भेटल्या, 14 कमावतात. वाचायला दहा सेकंद लागतात आणि लपवायला काही उरत नाही.

आता तिप्पट. क घर सोडल्यावर दोन महिन्यांनी वर्गात आल्या. त्याआधी त्या काही काम करत होत्या का?

पानकणीस

हो, एका ठिकाणी शिवणकामाला जायच्या. घर सोडलं तेव्हा ते सुटलं, कारण जागाच लांब पडायला लागली.

मोजपट्टी

मग प्रवेश अर्जातला महिना हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट महिना होता. तिथून पुढे काहीही केलं असतं तरी कमाई थोडीफार वर आलीच असती. पुन्हा शिवणकाम मिळालं असतं तरी.

ही एकट्या क यांची गोष्ट नाही. ऑर्ली अशेनफेल्टर या अर्थतज्ज्ञानं 1978 मध्ये सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या लोकांच्या कमाईच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की प्रशिक्षणाच्या अगदी आधी त्यांची कमाई घसरलेली असते. आमच्या क्षेत्रात त्याला अशेनफेल्टरची घसरण म्हणतात. कारण साधं आहे, काम सुटलं म्हणूनच तर माणूस वर्गात येतो. त्या खड्ड्याच्या तळापासून मोजलं की कुठलाही वर्ग चमत्कार केल्यासारखा दिसतो.

क यांना भेटाल तेव्हा एवढंच विचारा की घर सोडण्याच्या आधी, शिवणकाम नीट चालू असताना महिन्याला किती सुटायचं. महिन्याचं नाव घेऊन विचारू नका, आठवत नाही. 'धाकट्याला शाळेत घातलं त्या सुमारास' असं एखाद्या घटनेला बांधून विचारा. आत्ताचा आकडाही हप्ता आणि सुटे भाग यांचा खर्च वजा करून घ्या. ठेल्यावर जमलेले पैसे आणि घरी नेलेले पैसे एक नसतात.

काठावर

प्रश्न थोडा बाजूचा आहे. आम्ही ज्यांची कथा लिहितो त्यांना वेळेचा मोबदला देतो. ते चूक आहे का? आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतात, पैसे दिले की संमती विकत घेतल्यासारखी होते. दुसरे म्हणतात, फोटोग्राफरला देता, छपाईला देता, मग ज्याचं आयुष्य आहे त्यालाच फुकट का?

जुनी_वही

मी दुसऱ्या तटात आहे, पण रक्कम मसुदा मंजूर होण्यावर अवलंबून नसेल तरच. बोलायला वेळ दिला की मोबदला मिळाला, मग कथा आली काय, न आली काय. नाही तर नकार महाग पडतो.

मोजपट्टी

मला हे तेवढं सोपं वाटत नाही. ज्याच्या घरी अडचण आहे त्याला छोटी रक्कमही मोठी असते, आणि काय बोललं की पुन्हा बोलावतील, हे माणसाला लवकर कळतं. माझ्या कामात मी प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यापलीकडे जात नाही.

दुसरी_बाजू

आईला कुणी दिले असते तर तिनं घेतले असते आणि अंगठाही दिला असता. म्हणून मला दोन्ही बाजू कळतात आणि ठरवता येत नाही.

पानकणीस

दहा दिवसांनी परत येतेय. दोनदा जाऊन आले. जे झालं त्याची मला कल्पना नव्हती.

पहिल्या भेटीत जुनी_वही यांच्यासारखंच केलं, आमचीच एक जुनी कथा वाचून दाखवली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'हिला किती मारलं ते लिहिलंत, ही पडदा कसा बदलते ते नाही लिहिलं.' ती त्यांच्याच वर्गातली होती, त्यांनी लगेच ओळखलं. नाव बदललेलं होतं. त्या क्षणी मला ती कथा तिथल्या तिथे काढून टाकावीशी वाटली. संध्याकाळी तात्पुरती काढली आहे, आता त्या बाईंकडेही जाणार आहे.

'कुणी वाचलेलं चालणार नाही?' याचं उत्तर मला वाटलं नवरा असेल. त्या म्हणाल्या, 'त्याला ठेला कुठे आहे ते माहीत आहे, येऊन गेला एकदा. माझ्या मुलानं वाचू नये.' थोरला तेरा वर्षांचा आहे. त्यानं जे बघितलं ते पुन्हा छापील अक्षरांत त्याच्यासमोर यायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि मग, कथा हवीच असंही त्या म्हणाल्या. स्वतःच्या खऱ्या नावानं, समोरून काढलेल्या फोटोसकट. 'नाव बदललं तर गिऱ्हाईकाला कसं कळणार की ती मीच?' आता त्या स्वतः दोन मुलींना काम शिकवतात, हे मला माहीतही नव्हतं. तेच मुख्य असावं असं त्यांना वाटतं.

आकडे विचारले. त्यांची रक्कम इथे देत नाही, घर सोडण्याच्या वर्षभर आधीच्या कमाईला 80 धरा. प्रवेशाच्या महिन्यात 35. आता हप्ता आणि सुटे भाग वजा जाता 105.

मोजपट्टी

म्हणजे 35 वरून 105, तिप्पट खरंच आहे. आणि 80 वरून 105 म्हणजे साधारण तीस टक्के वाढ. दोन्ही खरे, पण वाचकाला एकच सांगितलात तर तो फसतो. माझ्या मते तीस टक्के आणि स्वतःचा ठेला, हे चांगलं फळ आहे, त्याला फुगवायची गरज नाही. आणि त्यातलंही सगळं वर्गामुळे झालं असं म्हणता येणार नाही. 14 जणींतून तुम्ही सगळ्यात यशस्वी निवडली आहे, तेही वाचकाला कळू द्या.

सरळरेघ

नाव द्यायचं? नवरा ठेल्यावर येऊन गेला म्हणताय. उद्या काही झालं तर संस्था काय उत्तर देणार? मी असतो तर नाव दिलं नसतं, त्यांनी कितीही म्हटलं तरी.

दुसरी_बाजू

माझं नाव मला न विचारता दिलं होतं. त्यांचं नाव त्या मागत असताना काढणार. दोन्ही वेळा ठरवणारी संस्थाच.

जुनी_वही

दुसरी_बाजू यांचं बरोबर आहे, आणि सरळरेघ यांची भीतीही खोटी नाही. मी असते तर धोक्याची बेरीज त्यांच्यासोबत बसून केली असती. तो येऊन गेला तेव्हा काय झालं, शेजारचे ठेलेवाले कोण, काही कोर्टाचं चालू आहे का? मुलांचा ताबा वगैरे प्रकरण चालू असेल तर कमाईचा उल्लेखसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय करू नका, तो समोरचा पक्ष वापरू शकतो. असं काही नसेल आणि सगळं बघूनही त्या हो म्हणत असतील, तर मी नाव देईन. मुलांचं मात्र काहीच नाही.

पानकणीस

कोर्टाचं काही चालू नाही, तो प्रश्न मी विचारला. बाकी बेरीज त्यांनी माझ्यापेक्षा नीट केली, शेजारच्या दोघांचे नंबर त्यांनी फोनमध्ये वर लावून ठेवलेत.

नवा मसुदा काल वाचून दाखवला:

> क यांचा दुरुस्तीचा ठेला आता वर्षाचा झाला. फुटलेला पडदा त्या अर्ध्या तासात बदलतात, पाण्यात पडलेला फोन मात्र दोन दिवस ठेवून घेतात आणि 'चालेलच असं सांगत नाही' असं आधीच बजावतात. त्यांनी आमच्याकडे चार महिने शिकून घेतलं, बाकीचं ठेल्यावर बसून. आता दोन मुली त्यांच्या हाताखाली शिकतात. वर्गात आल्या तेव्हा त्यांचं जुनं काम नुकतंच सुटलं होतं. त्या जुन्या कामापेक्षा आज त्या महिन्याला साधारण तीस टक्के जास्त घरी नेतात. त्यांच्या वर्गात 40 जणी आल्या, 31 जणींनी तो पूर्ण केला, सहा महिन्यांनी 26 जणींशी बोलणं झालं, आणि 14 जणी या कामातून कमावत होत्या. क त्या 14 जणींमध्ये सगळ्यात पुढे आहेत.

ऐकताना त्या एकदाच थांबल्या. 'अर्धा तास नाही, वीस मिनिटं.' दुरुस्त केलं.

तीन दिवसांची मुदत उद्या संपते. निरोप माझ्याकडे नाही, हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याकडे यायचा आहे, तिचा या कामाशी संबंध नाही. नावाचं त्यांनी अजून पक्कं केलेलं नाही, थोरल्याशी बोलून सांगते म्हणाल्या.

वरिष्ठांना 40 चा आकडा नको आहे. 'निम्म्याहून अधिक' परत घालू म्हणतात. सोमवारी बसणार आहोत.

मोजपट्टी

सोमवारी जाताना त्या 9 जणींपैकी निदान पाच जणींना फोन करून जा. वर्ग का सुटला ते विचारा. बैठकीत 40 वर चर्चा अडली की त्यांची उत्तरं टेबलावर ठेवा.

पानकणीस

आज तीन फोन झाले. तिघींनीही एकच कारण सांगितलं, वर्गाची वेळ. हे आम्हाला कुणीच आधी विचारलं नव्हतं.